बाटलीची पाठ



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. पुढे मी अठ्ठावीस वर्षं केसांच्या तेलांच्या आणि शांपूंच्या कारखान्यांत प्रयोगशाळा सांभाळली. त्यामुळे विषय कोणता घेणार असं आयोजकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला एका बाटलीबद्दल बोलायचं आहे. पलीकडे थोडी शांतता झाली. मग ते म्हणाले, ‘तेलाच्या ना?’

मागच्या जानेवारीत निफाडहून माझ्या भाचीने सकाळी सातच्या सुमारास एक फोटो पाठवला. खाली ओळ होती : ‘मावशी, हे मागवलंय. चांगलं आहे का?’ आमच्या धंद्यातल्या माणसाला असे फोटो सतत येतात आणि ते सगळे बाटलीच्या समोरच्या बाजूचे असतात. लग्नाच्या स्थळाचा फोटो जसा समोरून काढलेला असतो, तसे.

या फोटोत काळ्या लेबलाची बाटली होती. लेबलावर जांभळट कांदा, अर्धा चिरलेला. वर ‘ओनियन ब्लॅक सीड हेअर ऑइल’. झाकणाला फणीसारखे पोकळ दाते, आत तांबूस तेल. कंपनीचं नाव झाकलं तर ही बाटली कोणाची हे मलासुद्धा सांगता आलं नसतं, कारण अशा दिसण्याची तेलं बाजारात ढिगाने आहेत. त्यातली पुष्कळशी दुसऱ्याच्या कारखान्यात भरून घेतलेली असतात. तोच कारखाना सकाळी एकाचं लेबल लावतो आणि दुपारी दुसऱ्याचं. म्हणून बाटलीवर ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ अशी दोन निरनिराळी नावं-पत्ते असले, तर तेल कोणी बनवलं ते पहिल्या नावावरून कळतं. ही माहिती अर्थातच समोरच्या बाजूला नसते.

तरी त्या फोटोत एक गोष्ट होती जी भाचीने मुद्दाम टिपली नव्हती. बाटली खिडकीत ठेवली होती आणि शेजारी घाण्यावरून आणलेल्या खोबरेलाची काचेची बरणी होती. निफाडची जानेवारीतली थंडी तुम्हाला सांगायला नको. बरणीतलं खोबरेल पांढरंफट्ट थिजलं होतं. कांद्याच्या बाटलीतलं तेल मात्र पातळ होतं, बाटली जराशी तिरकी होती आणि तेलाची पातळी आडवी सरळ दिसत होती. लेबलावर कांद्याच्या खाली बारीक अक्षरांत ‘नारळाच्या तेलाच्या गुणांसह’ असं होतं. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजायला लागतं. तेव्हा त्या बाटलीत मुख्य तेल साधं खोबरेल नाही, एवढं मला मागची बाजू न बघता कळलं. यापलीकडे मात्र ही खूण नेत नाही. दुसऱ्या पातळ तेलात थोडं खोबरेल मिसळलं तर ते थंडीतही वाहतं राहू शकतं, आणि खोबरेलातला लवकर थिजणारा भाग काढून केलेलं तेलही मिळतं, तेही थिजत नाही. म्हणजे खोबरेल किती आहे हे फोटो सांगत नव्हता, फक्त ते निम्म्याहून फार जास्त नसावं असं सुचवत होता.

मी तिला लिहिलं, बाटली फिरवून फिरवून चार फोटो काढ. फ्लॅश नको, उजेड बाजूने येऊ दे, आणि गोल बाटलीवर अक्षरं कडेला वळतात म्हणून प्रत्येक फोटोत लेबलाचा मधला पट्टाच घे. आणि एक फोटो तळाचा. तळाचा कशाला, असं तिने विचारलं. छापील किंमत, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना हे लेबलाबरोबर छापलेलं नसतं. ते भरताना शाईच्या यंत्राने वेगळं उमटवतात, बहुधा तळाला किंवा मानेवर. लेबल दोन-दोन वर्षं तेच चालतं, बॅच रोज बदलते. त्यामुळे विक्रीच्या पानावरचा फोटो आणि हातातली बाटली यांत पुष्कळदा फरक निघतो. नाव तेच, पण आतला माल बदललेला. हातातल्या बाटलीचाच फोटो हवा तो यासाठी.

पाचही फोटो आले. बारकोडचा एक आकडा धूसर होता, ३ की ८ ते कळेना. त्याचा निकाल बाटलीवरच असतो. तेरा आकड्यांच्या बारकोडमध्ये डावीकडून विषम जागांवरचे आकडे जसेच्या तसे मिळवायचे, सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, आणि दोन्हींची बेरीज दहाने नि:शेष भागली गेली पाहिजे. शेवटचा आकडा त्याच्यासाठीच ठेवलेला असतो. इथे विषम जागांची बेरीज ३१ होती. सम जागांची, धूसर आकडा सोडून, १५. तो आकडा आठव्या जागेवर होता, म्हणजे सम. ३ धरला तर अठरा त्रिक चोपन्न आणि ३१ मिळून ८५. ८ धरला तर तेवीस त्रिक एकोणसत्तर आणि ३१ मिळून १००. तेव्हा तो ८. बारकोडने शोधलं की नेमकी कोणती बाटली, किती मापाची, ते सापडतं. सुरुवातीच्या ८९० वरून लोक ‘माल भारतात बनला’ असं मानतात, तसा अर्थ नाही. तो क्रमांक भारतातल्या संस्थेकडे नोंदवलेला आहे, एवढंच त्यातून कळतं.

मग मी परवान्याचा क्रमांक शोधला. तेलाच्या बाटलीवर हा क्रमांक पहिल्यांदा का बघायचा, ते जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे डोक्याला लावायचं तेल तीन वेगवेगळ्या खात्यांत मोडू शकतं. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असेल, तर ते कायद्याच्या दृष्टीने खायचं तेल. घरोघर डोक्याला लागणारं निळ्या बाटलीतलं खोबरेल असंच खाद्य तेल म्हणून विकलं जातं. त्या बाटलीवर केसांबद्दल एक शब्द नसतो आणि तरी आपण ती न्हाणीघरात ठेवतो. लहान बाटलीतलं खोबरेल खायचं की केसांचं, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला : बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही, तसं ठरवायला बाटलीवर तसं म्हटलेलं असलं पाहिजे. तेव्हा खाद्य तेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के जीएसटी होता, म्हणून त्या निकालाला एवढं महत्त्व. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेलही ५ टक्क्यांवर आलं. 

दुसरं खातं आयुर्वेदिक औषधाचं. त्या बाटलीवर दर १० किंवा १०० मिलिलिटरमागे कोणती वनस्पती किती ग्रॅम किंवा मिलिग्रॅम, असे आकडे देतात. तिसरं सौंदर्यप्रसाधनाचं. तिथे आकडे नसतात, फक्त क्रम असतो. भाचीची बाटली या तिसऱ्या खात्यातली निघाली. तेव्हा ‘कांद्याने टक्कल जातं’ असं काही तिला म्हणता येत नव्हतं. रोग बरा करणं हे प्रसाधनाचं काम नव्हे. आणि बाटलीने तसं म्हटलंही नव्हतं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘केसगळती नियंत्रण’ होतं, त्यावर एक चांदणी, आणि मागे तळाशी चांदणीचा अर्थ : ‘केस तुटण्यामुळे होणारी गळती’. ही चांदणी लिहिण्याच्या बैठकांना मी बसलेली आहे. केस दोन प्रकारे फणीत येतो. एक मधूनच तुटतो, त्याच्या टोकाला काही नसतं. दुसरा मुळापासून सुटतो, त्याच्या टोकाला बारीक पांढरा गोळा असतो. कोणतंही तेल लावलं की फणी सरकते, गुंता कमी होतो आणि पहिल्या प्रकारचे केस कमी तुटतात. दावा तेवढ्यापुरता खरा असतो. बाटली घेणारी बाई मात्र दुसऱ्या प्रकाराला घाबरून ती घेत असते. 

पुढच्या बाजूला आणखी एक ओळ होती : सल्फेट नाही, पॅराबेन नाही, सिलिकॉन नाही, मिनरल ऑइल नाही. या चार ‘नाहीं’मधलं पहिलं ऐकून मला हसू येतं. सल्फेट म्हणजे शांपूला फेस आणणारा साबणासारखा पदार्थ, तो तेलात कोण घालील? पॅराबेन हे परिरक्षक. जंतू वाढायला पाणी लागतं, आणि या तेलात पाण्याचा थेंब नसतो. भुईमुगाच्या पोत्यावर ‘यात दूध नाही’ लिहावं, तशी ही दोन. सिलिकॉन आणि मिनरल ऑइल मात्र तेलात खरोखर घालतात, त्यामुळे उरलेल्या दोन ‘नाहीं’ना अर्थ होता.

आता घटकांची यादी. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. नावं लॅटिन असतात म्हणून माणूस दचकतो. भाचीने मोठ्याने वाचून दाखवलं : हेलिअँथस ॲन्युअस, कॉकॉस न्युसिफेरा, रिसिनस कम्युनिस, सुगंध, नायजेला सटायव्हा, ॲलियम सीपा, मग बदाम, जास्वंद, भृंगराज, ई जीवनसत्त्व, टीबीएचक्यू आणि सीआय २६१००. म्हणजे सूर्यफूल, नारळ, एरंडेल, सुगंध, कलौंजी, कांदा आणि पुढची मंडळी. टीबीएचक्यू तेल खवट होऊ नये म्हणून असतं. सीआय २६१०० हा तेलात विरघळणारा लाल रंग. तो तांबूसपणा कांद्याचा नव्हता.

यादीत टक्के नसताना प्रमाणाचा अंदाज कसा करायचा? त्यासाठी सुगंध हा मैलाचा दगड धरायचा. आमच्या कारखान्यात तेलात सुगंध टक्क्याच्या आसपास असे, जास्त घातला तर डोकं दुखल्याच्या तक्रारी येत. आता दोनच शक्यता. सुगंध एक टक्क्याहून जास्त असेल तर त्याच्या मागे असलेला कांदा फार तर त्याच्याइतका. सुगंध त्याहून कमी असेल तर कांदाही एक टक्क्याच्या आतला, मग तिथला क्रम निरर्थक. कसंही धरलं तरी कांदा टक्क्याच्या जवळपास किंवा त्याखाली. ‘अर्क’ असं लिहिलेलं असेल तर आणखी एक मेख असते : अर्क पुरवणारा तो बहुधा कसल्यातरी तेलात उतरवूनच देतो. म्हणजे टक्काभर अर्कातही निखळ कांदा किती, ते वेगळंच.

कलौंजीपाशी माझी बहीण फोनवर आली. ती कांदा करते. तिने विचारलं, ‘ब्लॅक सीड म्हणजे उळं ना गं? एवढं उळं बाटलीत घालायला यांना परवडतं?’ नाशिककडे उळं म्हणजे कांद्याचं बी, आणि ते काळंच असतं. गंमत अशी की कलौंजीलाही आपण मराठीत कांद्याचं बी म्हणतो. दिसायला साम्य आहे, नातं काही नाही. कलौंजी नायजेला सटायव्हा, कांदा ॲलियम सीपा, दोघांची कुळंच वेगळी. त्या लेबलावर कांद्याचं चित्र आणि ‘ब्लॅक सीड’ शेजारी शेजारी छापल्यामुळे दोन गोष्टींची एक होत होती. कांद्याच्या शेतात आयुष्य गेलेल्या बाईलाही ते तसंच वाटलं.

कांद्याचा केसांशी संबंध आला कुठून? २००२ साली बगदादमधल्या डॉक्टरांनी चाईच्या ३८ रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. चाई म्हणजे डोक्यावर नाण्याएवढे गोल चट्टे पडतात ती. २३ जणांना कांद्याचा कच्चा रस दिवसातून दोनदा, दोन महिने लावायला दिला, बाकीच्यांना साधं पाणी. सहा आठवड्यांत २३ पैकी २० जणांच्या चट्ट्यांवर केस आले. पाणीवाल्या १५ पैकी दोघांना. प्रयोग लहान आहे आणि चाई पुष्कळदा आपोआपही भरते. पण तो पूर्ण खरा मानला तरी त्यात कच्चा रस होता, तेलातला अर्क नव्हता. आजार चाईचा होता, रोजच्या गळतीचा नव्हता. त्या रसाचा वास घेऊन दोन महिने कोण वावरेल, म्हणून बाटली सुगंधी. 

मग हेच तेल लावून आपल्या एका मैत्रिणीला फरक पडला तो कसा, असं भाचीने विचारलं. मैत्रीण बाळंत होऊन चार महिने झाले होते. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने जातात आणि पुढे काही महिन्यांत ती गळती आपोआप ओसरते. माणूस तेल विकत घेतो ते गळती सर्वांत जोरात असताना. त्यानंतर ती उतरणारच असते, श्रेय बाटलीला जातं.

राहता राहिलं सूर्यफूल, जे बाटलीत सर्वांत जास्त होतं आणि ज्याचं चित्र लेबलावर कुठेच नव्हतं. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी मिनरल ऑइल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची केसांवर तुलना केली. धुताना-विंचरताना केसांतलं प्रथिन झडतं, ते तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने कमी केलं. कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या दांड्यात शिरतं. बाकी दोन वरवर राहतात. ही कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच तो निबंध वाचावा. तरी तो इतकी वर्षं आमच्या धंद्यात प्रमाण मानला गेला आहे, आणि त्यातलं तत्त्व मला पटतं. वरवर राहणारं तेलही वाया जात नाही. चमक येते, फणी सरकते. मात्र त्याची किंमत किती द्यायची?

तळाच्या फोटोत उत्तर होतं. २०० मिलिलिटर, छापील किंमत ३४९ रुपये. हल्ली दर मिलिलिटरचा भावही छापतात, इथे तो पावणेदोन रुपयांच्या जवळ. बहिणीच्या घरची सूर्यफूल तेलाची लिटरची पिशवी तेव्हा १६० रुपयांची, म्हणजे मिलिलिटरला १६ पैसे. दुकानातली खोबरेलाची अडीचशेची बाटली १५० रुपयांची, म्हणजे ६० पैसे. आता बाटलीतलं ९० टक्के सूर्यफूल धरलं तर १८० मिलिलिटर, किराणा दुकानाच्या भावाने २८ रुपये ८० पैसे. कांदा : २०० मिलिलिटर तेलाचं वजन साधारण १८३ ग्रॅम भरतं, त्याचा टक्का पावणेदोन-दोन ग्रॅम. भजीला कांदा चिरताना विळीला एवढा चिकटतो. उरलेले पैसे फणीच्या झाकणात, खोक्यात, घरपोच पाठवण्यात, दुकानदाराच्या कमिशनमध्ये आणि सर्वांत जास्त जाहिरातीत गेले. यात लबाडी अशी कुठेच नाही. प्रत्येक गोष्ट बाटलीवर छापलेली होती.

पण छापलेलं खरं आहे का, हे मात्र फोटोवरून कधीच कळत नाही. इथे मला सर आठवतात. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकदा दोन परीक्षानळ्यांत दोन तेलं घेऊन अल्कोहोलमधला पोटॅश घालून उकळली आणि नंतर दोन्हींत पाणी ओतलं. एक नळी स्वच्छ राहिली, दुसरी दुधासारखी झाली. वनस्पतीच्या तेलाचा साबण होतो आणि तो पाण्यात विरघळतो, मिनरल ऑइलचा होत नाही, ते तसंच तरंगतं. पुढे नोकरीत मी तीच परीक्षा हजारदा केली, तिला होल्डेची चाचणी म्हणतात हे तिथे कळलं. थोडीशी भेसळही त्यात दिसते. संक्रांतीला बहिणीकडे गेले तेव्हा भाचीच्या बाटलीतलं दहा मिलिलिटर घेऊन आले आणि ओळखीच्या प्रयोगशाळेत उकळून पाहिलं. नळी स्वच्छ राहिली. ‘मिनरल ऑइल नाही’ हे त्यांनी खरंच लिहिलं होतं.

तेल संपल्यावर भाचीने ती फणीची बाटली धुऊन घाण्याचं खोबरेल भरलं. उन्हाळाभर छान चाललं. या डिसेंबरात पुन्हा तिचा फोटो आला, या वेळी झाकणाचा. फणीचे सगळे पोकळ दाते थिजलेल्या खोबरेलाने बंद झाले होते, आणि ती बाटली चुलीजवळ धरून बसली होती. कंपनीने आत सूर्यफूल का भरलं होतं, त्याचं एक कारण तिला त्या दिवशी सापडलं.